पर्यायी जागा कागदावर होती, पण ती पण पाण्यातच होती

प्रश्न: आमच्या छोट्या सहकारी बँकेसाठी बिझनेस कंटिन्यूइटी प्लॅनचा, म्हणजे संकटातही काम चालू ठेवायच्या योजनेचा, एक पानी सारांश लिहायचाय. कोणाची काय जबाबदारी, पर्यायी जागा आणि फोनची साखळी हे कसं लिहावं?

उत्तर: फॉरमॅट कुठंही मिळेल, तो भरताना काय चुकतं ते मी सांगते, कारण ते मी भोगलंय. ऑगस्ट २०१९ ला मी कोल्हापुरात एका बँकेच्या ईडीपीत, म्हणजे कॉम्प्युटर विभागात होते. आमच्या प्लॅनमध्ये पर्यायी जागा म्हणून लिहिलं होतं "सांगली शाखा". मी मीटिंगमध्ये बोलले होते की साहेब, आपली पंचगंगा नृसिंहवाडीला सांगलीच्या कृष्णेलाच मिळते, घाटावर धो धो पाऊस लागला की दोन्ही नद्या एकदमच फुगतात, मग सांगली पर्यायी कशी? साहेब म्हणाले, "पन्नासेक किलोमीटर लांब आहे, इन्स्पेक्शनला तेवढं पुरतं." विषय संपला.

मग पूर आला. सांगली बुडाली, इकडं शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन रस्ता बंद. गंमत म्हणजे डेटा मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये एकदम सुखरूप, सर्व्हर चालू, अडकलो ते आम्ही माणसं. आमची एक शाखा उंचावर, कोरडी, लाईट होती, तरी उघडता येईना. स्ट्राँगरूमला दोन किल्लीदार लागतात, त्यातला एक पुराच्या अलीकडं, दुसरा पलीकडं. डुप्लिकेट किल्ल्या कुठं? सांगली शाखेत! म्हणून सांगते, पर्यायी जागा लिहिताना अंतर बघू नका. नदी तीच आहे का, वीज त्याच सबस्टेशनची आहे का, जायचा रस्ता त्याच पुलावरून आहे का, एवढं विचारा आणि डुप्लिकेट किल्ल्या कुठं आहेत ते त्याच ओळीत लिहा. आम्ही नंतर गोकुळ शिरगावला एका ओळखीच्या ऑफिसात दोन टेबलं, एक वेगळ्या कंपनीचं नेट आणि प्रिंटर ठरवून ठेवला. भारी काही नव्हतं, पण तिथं जाताना पंचगंगा ओलांडावी लागत नाही.

फोनच्या साखळीची तर कथाच. सीईओंनी एजीएमना फोन करायचा, एजीएमनी अकरा शाखाधिकाऱ्यांना. एजीएम नागाळा पार्कात, घरात पाणी, लाईट नाही, मोबाईल डेड. झालं, अकराच्या अकरा शाखांना काही कळलंच नाही. शेवटी मीच यादी काढून फोन लावत बसले, तर एक आजोबा शेतातून म्हणाले, "अगं मी रिटायर होऊन दीड वर्ष झालं." त्यामुळं एका माणसाकडं तीन-चारच्या वर नंबर देऊ नका. दहा मिनिटांत दोनदा लावून उचलला नाही तर त्याला सोडून त्याच्या खालच्यांना थेट फोन करायचा, म्हणजे त्याची यादी वरच्याकडं पण पाहिजे. निरोप आधी लिहून ठेवायचा आणि जसाच्या तसा वाचायचा, नाहीतर "शाखा दुपारनंतर उघडेल" चं चौथ्या माणसापर्यंत "आज सुट्टी" होतं. आणि साखळीतल्या शेवटच्या माणसानं उलटा सीईओंना फोन करायचा, तो आला नाही की समजायचं मधे कुठंतरी तुटलीय. व्हॉट्सॲप ग्रुप आहे की, असं म्हणू नका, टॉवर बंद पडल्यावर तो पण गप्पच बसतो.

जबाबदारीत नाव नको, पद लिहा आणि नाव-नंबर मागं जोडलेल्या कागदावर, तो दर तीन महिन्यांनी बदलायचा. प्रत्येक पदाला एक बदली माणूस, पण तो त्याच गल्लीतला नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "आता प्लॅन चालू" असं कोण म्हणणार आणि कशावरून. आमच्याकडं सगळे एकमेकांची वाट बघत बसले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, मी म्हणते ३९ लाच हलायचं, किल्ल्या आणि माणसं दोन्ही. साहेब म्हणायचे ४३ झाल्यावर बघू. ४३ झाल्यावर पाणी बघायला वेळ मिळतो, दुसरं काही करायला नाही. डिझेलचा खर्च कोण किती करू शकतो हा आकडा पण लिहा, नाहीतर जनरेटरसाठी चार कॅन घ्यायला कोणी मंजुरी द्यायची यावरच वाद होतो.

आता हे सगळं पुराच्या गावाचं आहे हं, तुमच्याकडं आग किंवा सायबरचा धोका मोठा असेल तर पर्यायी जागेपेक्षा बॅकअप परत चढवायला किती तास लागतात ते आधी बघा, त्यातलं मला फार सांगता येणार नाही. आणि रिझर्व्ह बँकेच्या ज्या सूचना आहेत त्या वेगळ्या वाचाच, माझं उत्तर म्हणजे इन्स्पेक्शनला दाखवायचा कागद नव्हे.

साहेब पुढं रिटायर झाले. जुलै २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा त्यांचा मला घरून फोन, "किल्ल्या हलवल्या का गं?" मी म्हटलं, हो साहेब, ३९ लाच.