तीन मिनिटांत आठवडा

'मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका मराठी ऑडिओ न्यूजलेटरने चाचणी म्हणून आठवड्याच्या बातम्यांचा तीन मिनिटांचा आढावा लिहायला सांगितलाय. माझं लिखाण वाचायला पाच मिनिटं लागतात आणि ऐकणारे मध्येच कंटाळतात. काय बदलू?'
– एक विद्यार्थिनी

आधी शब्द मोज. बातम्या सावकाश, स्पष्ट वाचल्या तर मिनिटाला साधारण 120 शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांना 340 शब्द पुरे, उरलेला वेळ श्वासाला लागतो. त्यातले वीस शब्द सुरुवातीला, 140 मुख्य बातमीला, दोन छोट्या बातम्यांना पासष्ट-पासष्ट, पुढच्या आठवड्यात काय घडणार आहे त्याला तीस आणि निरोपाला वीस. हा क्रम दर आठवड्याला तोच ठेव. ऐकणाऱ्याला मागे जाऊन वाचता येत नाही; पुढे काय येणार हे त्याला सवयीनेच कळतं.

कंटाळा बहुधा वाक्यरचनेमुळे येत असावा. वृत्तपत्री वाक्य असं असतं: 'रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने रेपो दरात 50 आधार अंकांची कपात करून तो 5.50 टक्क्यांवर आणल्याने कर्जदारांना दिलासा मिळण्याची शक्यता आहे.' क्रियापद येईपर्यंत सुरुवात विसरायला होते. जून 2025 ची हीच बातमी कानासाठी अशी लिहायची: 'रिझर्व्ह बँकेनं शुक्रवारी रेपो दर अर्ध्या टक्क्यानं कमी केला. आता तो साडेपाच टक्के आहे. फेब्रुवारीपासूनची ही तिसरी कपात. तुमच्या गृहकर्जाचं व्याज रेपो दराशी जोडलेलं असेल, तर हप्ता किंवा मुदत कमी होऊ शकते.' एका वाक्यात एकच आकडा, तोही अक्षरी. 'तिसरी कपात' हे वाक्य गाळू नकोस, कारण त्यामुळेच बातमीचा आढावा होतो. सोमवारी हे, मंगळवारी ते अशी जंत्री दिलीस, तर आठवड्याअखेर चित्र काय आहे ते कळतच नाही.

'आज', 'काल' टाळ. शनिवारचा भाग कुणी मंगळवारी ऐकेल, म्हणून वाराचं नाव घे. 'त्यांनी' ऐवजी नाव पुन्हा घेतलेलं बरं.

निरोपाचे शब्द ठरलेले असावेत: 'आठवड्याचं एवढंच. पुढच्या शनिवारी पुन्हा भेटू. तोवर काळजी घ्या, नमस्कार.' यात बदल फक्त एका तुकड्याचा, उदाहरणार्थ सण किंवा पाऊस. दुर्घटनेच्या बातमीला लागून हा निरोप आला तर कानाला खटकतो. म्हणून जड बातमी आधी आणि हलकी शेवटी ठेव. सगळा आठवडाच दुःखाचा असेल, तर फक्त 'काळजी घ्या, नमस्कार' एवढं म्हण.

चाचणीसाठी एकच भाग न देता लागोपाठच्या चार आठवड्यांचे भाग संहितेसह दे. बातम्या कमी असलेल्या आठवड्यातही तुझा साचा टिकतो का, हे संपादकाला त्यातूनच दिसेल. पाठवण्याआधी प्रत्येक भाग मोठ्याने वाच आणि जिथे श्वास अपुरा पडतो, तिथे वाक्य तोड.