केंद्रबिंदू मध्यभागी नको, हे कसं?

प्रश्न: "आमच्या चपलांच्या दुकानाच्या जाहिरातीचे फोटो मी मोबाईलवर काढायला शिकतोय. रूल ऑफ थर्ड्सला 'तृतीयांचा नियम', लीडिंग लाइन्सना 'अग्रगण्य रेषा' आणि फोकल पॉइंटला 'केंद्रबिंदू' म्हणतात असं वाचलं. हे शब्द बरोबर आहेत का? आणि चप्पल जर केंद्रबिंदू, तर ती मध्ये ठेवू नका असं का सांगतात?"

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं अर्धं उत्तर आहे. गोंधळ तुमचा नाही, 'केंद्रबिंदू' या शब्दाचा आहे. केंद्र म्हटलं की आपल्याला वर्तुळ आठवतं आणि वर्तुळाचा मध्य. मग नवशिका माणूस चप्पल बरोबर मधोमध ठेवतो आणि वर शिक्षकाचं ऐकून घेतो.

फोकस हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ चूल. केपलरने १६०४ साली तो प्रकाशशास्त्रात आणला, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला 'नाभी' हा प्रतिशब्द मिळाला. मला मात्र चूलच जास्त पटते. जुन्या घरात चूल काही घराच्या मध्यात नसायची, एका अंगाला स्वयंपाकघरात असायची. पण थंडीच्या दिवसांत सगळं घर तिच्याभोवतीच जमायचं. फोकल पॉइंट म्हणजे ही जमायची जागा, मग ती चौकटीत कुठेही असो. म्हणून मी 'लक्षबिंदू' म्हणतो. 'लक्ष देणे' मधलं लक्ष. 'लक्ष्य' नव्हे, कारण आपल्याला नेम धरायचा नाही. आणि मोबाईलवर बोट टेकवून करतो ते फोकस वेगळं. त्याने वस्तू स्पष्ट दिसते, पण स्पष्ट दिसणारी प्रत्येक गोष्ट लक्ष खेचतेच असं नाही.

'तृतीयांचा नियम' सरळ चुकीचं आहे. तृतीय म्हणजे क्रमाने तिसरा. तीन समान भागांतला एक तो तृतीयांश. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे भाषांतर करणारा घसरला. 'तृतीयांश नियम' म्हणा. चौकटीचे उभे तीन आणि आडवे तीन समान भाग करायचे, आणि महत्त्वाची गोष्ट त्या रेषांवर किंवा त्या एकमेकींना छेदतात त्या चार जागांपैकी एकीवर आणायची, एवढाच तो आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांबद्दल लिहिताना त्याला हे नाव दिलं. खरं तर 'नियम' हा शब्दही जड आहे, 'ठोकताळा' जास्त प्रामाणिक. पण रूढ झालंय, राहू दे.

'अग्रगण्य रेषा' वाचून मला हसू आलं. अग्रगण्य वृत्तपत्र असतं, अग्रगण्य बँक असते. इथे लीडिंग म्हणजे नेणारी. 'नेणाऱ्या रेषा' हा साधा शब्द मला 'दिशादर्शक रेषां'पेक्षाही बरा वाटतो. दिशादर्शक पाटी नुसती वाट दाखवते, या रेषा नजरेला हात धरून नेतात. गंमत म्हणजे नेता आणि नेत्र हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'नी', म्हणजे नेणे, या एकाच धातूपासून आलेत. डोळा आपल्याला नेतो आणि रेषा डोळ्याला नेते.

आपल्या कोल्हापुरात हे कुणाला नवं नसावं. बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवत. महालाचा रंगवलेला पडदा आठवा: दोन्ही बाजूंचे खांब लहान लहान होत आत जातात, फरशीचे सांधे एका जागी मिळू पाहतात, आणि आपली नजर नकळत तिकडे जाते.

आता तुमची चप्पल घेऊ. समजा इन्स्टाग्रामची उभी जाहिरात आहे, १०८० बाय १३५० पिक्सेल. उभ्या रेषा डावीकडून ३६० आणि ७२० वर, आडव्या वरून ४५० आणि ९०० वर. काळ्या दगडाच्या पायरीवर कापशी या कोल्हापुरी चपलेचा जोड ठेवलाय. मी लक्षबिंदू उजवीकडचा खालचा छेद धरीन, म्हणजे ७२० आणि ९००. तिथे अख्खा जोड बसवायचा नाही, पुढच्या चपलेची वेणी आणायची. गिऱ्हाईक कारागिरी तिथे बघतं. दुसरी चप्पल थोडी मागे, पहिलीला किंचित झाकली जाईल अशी, नाहीतर दोन चपला म्हणजे दोन लक्षबिंदू होतात आणि नजर मधल्या मध्ये लोंबकळते. अंगठ्याची बाजू डावीकडे, चौकटीच्या आत. चपलेलाही तोंड असतं. ते बाहेर वळवलं की नजर दुकानातून निघून गेलीच म्हणायची.

पायरीची कड ही तुमची नेणारी रेषा. कॅमेरा असा धरा की ती डाव्या खालच्या कोपऱ्यातून शिरेल, तिरकी वर चढेल आणि चपलेपाशी थांबेल. 'थांबेल' हे महत्त्वाचं. बहुतेकांची रेषा चपलेमागून तशीच पुढे जाऊन उजव्या कडेने बाहेर पडते, आणि नजर तिच्यासोबत जाते. चपलेच्या उजवीकडे एखादी पितळी घागर अर्धवट दिसेल अशी ठेवली की ती वाट बंद होते. मात्र घागर फार चकचकीत नको, नाहीतर जाहिरात घागरीची होईल. वरचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवा. दुकानाचं नाव आणि किंमत तिथे येईल.

जमलं का ते कसं कळणार? डोळे किलकिले करून फोटोकडे बघा. बारकावे पुसले जातात आणि नजर खेचणारा डाग तेवढा उरतो. तो डाग वेणीपाशी असेल तर ठीक. मागच्या दुकानाची पाटी किंवा लाल बादली असेल तर तुमचा लक्षबिंदू तिने पळवलाय. अक्षरं आणि चेहरे तर हमखास पळवतात.

एका ठिकाणी मी स्वतः आपटलोय. एका ओळखीच्या दुकानासाठी मोबाईलच्या पडद्यावर तृतीयांशाच्या रेषांची जाळी लावून, छेद साधून, आडवे फोटो काढले. ४००० बाय ३००० चे. मग जाहिरात उभी हवी म्हणून कापले. उंची तीच ठेवली तर रुंदी २४०० उरते, दोन्हीकडून ८०० जातात. डावीकडून १३३३ वर बसवलेली वस्तू ५३३ वर आली, म्हणजे पाव भागाच्याही अलीकडे, आणि दुसरी चप्पल अर्धी कापली गेली. जाळी फोटोची असते, जाहिरातीची नसते. कुठल्या आकारात छापायचं ते आधी विचारा, मग मोबाईल उभा की आडवा ते ठरवा.

आणि ऑनलाइन विक्रीच्या यादीत पांढऱ्या पार्श्वभूमीवर जो एकटा फोटो लागतो, तिथे यातलं काहीच करू नका. तिथे गिऱ्हाईक शेजारच्या वीस चपलांशी तुलना करत असतं, त्यामुळे चप्पल मोठी आणि मधोमधच हवी. तिथे तुमचा 'केंद्रबिंदू' अगदी बरोबर आहे.