शेवट ठरतो तो शेवटच्या कॉर्डवरून

प्रश्न : रॉक गाण्याचा शेवट कसा करायचा हे कसे ठरवतात? पट्टी वाढवायची, फेड-आऊट करायचा, की गाणे एकदम थांबवायचे?

कोरसची कॉर्डमाला कुठे संपते, ते आधी पाहावे. ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची आठ कॉर्डची माला बी मायनरपासून निघून एफ शार्पवर येते आणि एफ शार्प लगेच बी मायनरकडे ओढतो. वर्तुळ स्वतःहून मिटतच नाही, त्यामुळे दोन गिटारींचे वादन चालू असतानाच तिथे फेड-आऊट शोभतो. फेड सुरू झाल्यावरही ऐकण्यासारखे काही घडत राहिले पाहिजे. नुसता तोच कोरस मंद होत गेला, तर गीतकाराला शेवट सुचला नाही हे लगेच कळते. शिवाय फेड हा रेकॉर्डिंगमधला शेवट आहे. कळंगुटच्या हॉटेलात वाजवणाऱ्या बँडला तो उपलब्ध नसतो, कारण ड्रम हळूहळू विरत नाहीत.

पट्टी वाढवणे हा तर माझ्या मते शेवटच नव्हे. आमच्या फोंड्याच्या बँडमध्ये यावरून जो वाद झाला, तो आजही मिटलेला नाही. आमचे गाणे ई मेजरमध्ये होते आणि त्याचा रिफ गिटारच्या सहाव्या मोकळ्या तारेवर उभा होता. कीबोर्ड वाजवणाऱ्या मित्राचा आग्रह होता की शेवटचा कोरस एका स्वराने चढवून एफ शार्पमध्ये न्यावा. त्याला त्यासाठी ट्रान्सपोजचे बटण दाबायचे होते. मला मात्र ती मोकळी तार गमवावी लागणार होती. बोट ठेवून वाजवलेला एफ शार्प मोकळ्या तारेसारखा घुमत नाही, म्हणजे गाणे जिथे सर्वांत भरदार व्हायला हवे, नेमका तिथेच रिफ बारीक झाला असता. गायकाचा वरचा स्वर जी शार्प होता, तो ए शार्प झाला असता, आणि हॉटेलच्या तिसऱ्या सेटपर्यंत त्याचा गळा तिथे टिकत नव्हता. आमचा कोरस बी कॉर्डवर संपत असे. तिथून एफ शार्पमध्ये जायचे तर मध्ये सी शार्प पेरावा लागतो, आणि तो जोड सर्वांना ऐकू येतो.

मित्र दाखला देई तो बॉन जोव्हीच्या 1986 सालच्या 'लिव्हिन ऑन अ प्रेयर'चा. तिथे शेवटचा कोरस तीन अर्धस्वरांनी चढतो आणि त्याआधी एक मात्रा गाळलेली असल्याने श्रोता सावध होण्याआधीच नव्या पट्टीत पोहोचतो. योजना उत्तम आहे, परंतु चढल्यानंतर ते रेकॉर्डिंगसुद्धा फेड-आऊटनेच संपते. उंची मिळाली, शेवट वेगळा शोधावाच लागला.

आमचा मार्ग ड्रमरने काढला. तो भजनी सप्ताहात तबला वाजवून वाढलेला असल्याने त्याने सरळ तिहाई सुचवली. रिफची पाच मात्रांची ओळ सोळा मात्रांच्या चक्रात तिसऱ्या मात्रेपासून सुरू करायची आणि लागोपाठ तीनदा वाजवायची; तिसऱ्या ओळीचा शेवटचा ठोका सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर, ई कॉर्डसह पडतो. चारचारच्या तालात पाचपाचच्या ओळी आल्याने श्रोता क्षणभर डळमळतो आणि समेवर त्याची मान आपोआप हलते. एकदम थांबण्याची खरी कसोटी हीच आहे: टाळी ठोक्याला लागून आली तर शेवट बसला, लोक थबकून वाद्यांकडे पाहू लागले, तर तुम्ही सम सोडून थांबलात.

यात हाताचे कामही असते. शेवटच्या ठोक्यासरशी ड्रमरने सिम्बल मुठीत धरावी, गिटारवादकाने तळहात तारांवर टेकवावा, आणि डिलेचा पेडल शेवटच्या ओळीआधी बंद करावा. नाहीतर सगळे थांबल्यावरही गिटारचे पडसाद येत राहतात आणि केलेली तिहाई वाया जाते.

अपवाद अर्थातच आहेत. बीटल्सच्या 1969 सालच्या 'आय वाँट यू'मध्ये टेप चक्क मध्येच कापली आहे आणि तरीही ते पटते, कारण त्याआधी तोच रिफ कित्येक मिनिटे फिरवून श्रोत्याला पुढच्या आवर्तनाची पूर्ण खात्री दिलेली असते. कीबोर्डप्रधान संथ गाण्यात पट्टी वाढवायलाही माझी हरकत नाही, फक्त गायकाचा वरचा स्वर आधी तपासावा आणि तोही रात्रीच्या अखेरीस, ताज्या गळ्यावर नव्हे. मोकळ्या तारेवरचा रिफ असेल, तर मात्र कीबोर्डवाल्याचे ऐकू नये.