मेलला उत्तर नाही, म्हणजे मीच नको?

"मॅडम, पुण्याकडच्या कितीतरी कंपन्यांना नोकरीसाठी मेल घातले. एकाचंही उत्तर नाही. बेळगावच्या पोरांना कोण विचारत नाही, की मीच कामाचा नाही? सांगा की."

खानापूर, निपाणी, येळ्ळूर... गाव बदलतं, प्रश्न तोच असतो. यावेळी विचारणारा मुलगा खानापूर तालुक्यातला. मेकॅनिकल डिप्लोमा आणि उद्यमबागच्या एका मशीन शॉपमध्ये तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव. झोप उडालेली आणि घरच्यांशी बोलणं तुटलेलं.

मी समुपदेशक आहे आणि विवेकनिष्ठ विचाराच्या वाटेने काम करते. 'मी कामाचा नाही' हे वाक्य कुणी ठामपणे बोललं की मी धीर देत बसत नाही, पुरावा मागते. म्हटलं, "उघड मेल. बघू या, कोण काय म्हणालंय."

"कोणच काय म्हणालं नाही मॅडम."

इनबॉक्समध्ये मात्र बरंच काही होतं. काही मेल पत्ता चुकल्यामुळे परत आले होते. त्याने ती इंग्रजी सूचना उघडलीच नव्हती. त्याखाली गूगल ड्राइव्हकडून आलेल्या दोन सूचना होत्या. फाइल बघायची परवानगी मागणाऱ्या! जाहिरातवाल्या समजून त्याने त्या तशाच सोडलेल्या.

झालं असं होतं. बायोडाटा, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, आधार, पॅन, फोटो असं सगळं मोठ्या आकारात स्कॅन करून त्याने एकत्र जोडलं होतं. जीमेलमधून 25 एमबीपर्यंतच जोडपत्रं जातात. त्याहून जड झालं की फाइल ड्राइव्हवर चढते आणि मेलमध्ये नुसती लिंक जाते. पाठवताना परवानगी दिली नाही, तर समोरच्याला ती उघडत नाही.

"म्हणजे दोघांनी उघडायला बघितलं होतं?"

"हो. कुलूप तुझ्या बाजूने होतं."

तो बराच वेळ त्या दोन ओळींकडेच बघत राहिला. पुढच्या भेटीत झोप थोडी सुधारली होती. मी काही समजावलं म्हणून ती सुधारली नाही. 'मला नाकारलं' आणि 'माझी फाइल उघडली नाही' या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या कामातला मला सगळ्यात आवडणारा क्षण हाच.

आता राहिला मजकूर. विषयाच्या जागी 'रेझ्युमे' एवढंच. आत 'आदरणीय सर, मला नोकरीची फार गरज आहे, कृपया संधी द्यावी'. आणि 'टू'च्या रकान्यात डझनभर कंपन्यांचे पत्ते, सगळ्यांना सगळे दिसतील असे.

मी विचारलं, "शॉपमध्ये माल रिजेक्ट झाला की सप्लायरला मेल कोण करतं?"

"मीच की."

"काय लिहितोस?"

तो घडाघडा बोलला, "पार्ट नंबर, ड्रॉइंग नंबर, किती नग, कुठलं माप बाहेर गेलंय, आणि रिपोर्ट जोडलाय."

"त्यात 'कृपया दया करा' असतं?"

तो हसला. रोज नेमके मेल लिहिणारा हा मुलगा स्वतःसाठी लिहिताना हात जोडून उभा राहत होता. मी इंग्रजी शिकवलं नाही, त्याची गरजच नव्हती. त्याच्याच पद्धतीने लिहायला बसवलं. विषय असा झाला: 'क्वालिटी इन्स्पेक्टर, जाहिरात क्रमांक, डिप्लोमा मेकॅनिकल, 3 वर्षं अनुभव'. इंग्रजीत लिहिलेल्या मजकुराचा सारांश असा:

'आपल्या जाहिरातीतील क्वालिटी इन्स्पेक्टर पदासाठी अर्ज करत आहे. तीन वर्षं हायड्रॉलिक सिलिंडरच्या भागांची तपासणी करतो. बोअर गेज, मायक्रोमीटर हाताळतो, पहिल्या नगाचा आणि अंतिम तपासणीचा रिपोर्ट स्वतः बनवतो. मराठी, कन्नड, हिंदी बोलतो. नोटीस एक महिना, चाकणला राहायची तयारी आहे. बायोडाटा जोडला आहे.' खाली नाव आणि फोन नंबर.

कन्नडचा उल्लेख त्याला नको होता. मी तो आग्रहाने ठेवायला लावला. इकडच्या सप्लायरशी फोनवर बोलणारा माणूस तिकडच्या खरेदी-क्वालिटी विभागाला उपयोगी पडतो, आणि आपल्याकडची मुलं नेमकं तेच लपवतात.

जोडायची एकच पीडीएफ, दोन पानांची, नावात स्वतःचं नाव आणि पद. वर्ड फाइल दुसऱ्याच्या फोनवर विस्कटू शकते. मार्कशीट मागितल्यावर द्यायच्या. आधार-पॅन तर पहिल्या मेलमध्ये कधीच नाही, कारण अनोळखी पत्त्यावर गेलेले कागद परत येत नाहीत. एका कंपनीला एक मेल. आणि पाठवण्याआधी स्वतःलाच पाठवून, फाइल फोनवर उघडून बघायची.

आठवड्याने उत्तर नसेल, तर त्याच मेलला जोडून दोन ओळींची आठवण, एकदाच. त्यानंतरही शांतता असेल, तर जागा भरली असेल किंवा आतल्याच कुणाला मिळाली असेल. ते आपल्याला कळत नाही, म्हणून त्यातून स्वतःबद्दल निष्कर्ष काढायचा नाही. नोंदणीचे पैसे मागणारं उत्तर आलं, तर ते उत्तर समजायचंच नाही.

चाकणहून त्याला फोन आला. कामाबद्दल बोलणं नीट झालं, पगार मात्र खोलीभाडं वजा जाता इथल्याएवढाच उरत होता. त्याने नाही म्हणून कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "मॅडम, हत्तरगीकडच्या कंपनीला लिहू काय? तिथं घरातनं जाता येतंय."