‘गोंगाटाची शक्ती कमी होते’ की ‘प्रचरण कमी होते’?

*केळी पिकवण्याच्या खोलीतल्या तापमानाच्या नोंदी सेकंदाला एक अशा येतात. त्या गुळगुळीत करायला पहिल्या क्रमाची पुनरावर्ती गाळणी लावली आहे. सर म्हणतात, ‘गोंगाटाची शक्ती कमी होते’. पुस्तकात लिहिलंय, ‘प्रचरण कमी होते’. दोन्ही एकच का? आणि बाहेर येतो त्याला ‘श्वेत गोंगाट’च म्हणायचं का?* (एक विद्यार्थी, सावदा, ता. रावेर)

गोंगाटाची सरासरी शून्य असेल तर दोन्ही एकच. बाहेर येणारा गोंगाट मात्र श्वेत राहत नाही, आणि ‘कमी होते’ हे क्रियापदही प्रत्येक वेळी खरे ठरत नाही.

आधी दोन शब्दांतला फरक. संकेतांच्या भाषेत शक्ती म्हणजे नोंदींच्या वर्गांची सरासरी. प्रचरण काढताना प्रत्येक नोंदीतून आधी सरासरी वजा करायची, मग वर्ग, मग त्यांची सरासरी. खोलीचे तापमान १७ अंश आहे आणि संवेदकाच्या गोंगाटाचे प्रमाण विचलन ०.४ अंश आहे असे धरू. गोंगाटाचे प्रचरण ०.४ चा वर्ग, म्हणजे ०.१६. पण नोंदी आहेत तशा घेऊन शक्ती काढली तर १७ चा वर्ग २८९ त्यात मिसळतो आणि उत्तर २८९.१६ येते. तेव्हा ‘नोंदींची शक्ती’ आणि ‘नोंदींचे प्रचरण’ हे वेगळे. सर ‘गोंगाटाची शक्ती’ म्हणतात, गोंगाटाची सरासरी शून्य मानलेली असते, म्हणून सरांचे आणि पुस्तकाचे आकडे जुळतात. अहवालात मी ‘प्रचरण’ लिहीन, कारण त्यात सरासरी वजा केल्याचे शब्दातच येते.

‘श्वेत’ हा शब्द प्रकाशावरून आला. पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात, तशा या गोंगाटात सगळ्या वारंवारता सारख्या वाट्याने असतात. त्याचीच दुसरी बाजू अशी की एका क्षणाच्या नोंदीचा पुढच्या नोंदीशी काहीही सहसंबंध नसतो. श्वेत म्हणजे घंटाकृती वाटपाचा, असा समज बराच पसरला आहे, तो चुकीचा. वाटप कोणतेही असू शकते. श्वेतपणा ठरतो तो नोंदींच्या आपसातल्या नात्यावरून, आणि खालचे सगळे गणित त्याच नात्यावर उभे आहे.

तुमची गाळणी अशी असणार:

```
y[n] = a*y[n-1] + b*x[n]
```

नवे उत्तर म्हणजे जुन्या उत्तराचा `a` हिस्सा आणि आताच्या नोंदीचा `b` हिस्सा. `a = 0.9`, `b = 0.1` धरा. हौदातले नऊ हिस्से पाणी तसेच ठेवून दर सेकंदाला एक हिस्सा नवे ओतावे, तसे हे चालते. बाहेरच्या गोंगाटाचे प्रचरण `V` म्हणू. जुने उत्तर आधीच्या नोंदींतून बनलेले असते आणि आताच्या नोंदीतला गोंगाट त्यांना ओळखत नाही. त्यामुळे दोघांची प्रचरणे सरळ बेरजेत येतात, मधले गुणाकाराचे पद शून्य होते:

```
V = a^2 * V + b^2 * 0.16
V = b^2 * 0.16 / (1 - a^2)
```

आकडे घातले की ०.०१ भागिले ०.१९, म्हणजे १/१९. प्रचरण ०.१६ वरून ०.००८४ वर येते. प्रमाण विचलन १९ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ४.३६ पटींनी, कमी होऊन ०.०९२ अंश होते. लिहिताना बऱ्याच जणांची गफलत इथेच होते: ‘गोंगाट १९ पट कमी झाला’ असे लिहायचे आणि शेजारी आकडा अंशात द्यायचा. १९ पट कमी होते ते प्रचरण, आणि त्याचे एकक अंशाचा वर्ग असते.

‘गाळणी’ हा शब्द घरगुती आणि गोड आहे, पण तो एक चुकीची खात्री देतो. चहा गाळला की खाली कमीच उतरते. इथे `b` चे मूल्य १ ठेवून पाहा: प्रचरण १ भागिले ०.१९, म्हणजे ५.२६ पट *वाढते*. गाळणी तीच, `a` तोच. अर्थात मूळ तापमानही तेव्हा १० पट होऊन बाहेर येते, १७ चे १७०. तापमानाची शक्ती १०० पट आणि गोंगाटाची ५.२६ पट, दोन्हींचे गुणोत्तर पुन्हा १९ च. म्हणून नुसते ‘कमी होते’ लिहू नका. ‘तापमानाची पातळी कायम ठेवली असता प्रचरण १/१९ होते’ असे लिहा. पातळी कायम राहावी म्हणूनच `b = 1 - a` घेतात, आणि तेव्हा सूत्र सुटसुटीत होते: `(1-a)/(1+a)`.

आता वर्णपट. प्रचरण हा एकच आकडा आहे, एकूण बेरीज. ती बेरीज कोणत्या वारंवारतांत किती वाटली गेली आहे, हे शक्ती-वर्णपट सांगतो. आत येणाऱ्या श्वेत गोंगाटाचा वर्णपट सपाट. बाहेर येणाऱ्याचा असा:

```
S(w) = b^2 * 0.16 / (1 - 2*a*cos(w) + a^2)
```

`w` म्हणजे एका नोंदीपासून दुसरीपर्यंत लहर किती रेडियन सरकते ते. `w = 0` ला छेदात ०.०१ उरतात, वरही ०.०१ आहेत, म्हणून अगदी संथ चढउतारांची शक्ती *जराही* कमी होत नाही. चार सेकंदांत एक फेरा घेणारे चढउतार १/१८१ होतात. सर्वांत जलद, म्हणजे एक नोंद वर आणि एक खाली अशी थरथर, १/३६१ वर येते. शक्ती निम्मी होते ती `w` सुमारे ०.१०५ असताना. तुमच्या सेकंदाला एक नोंदीच्या वेगाने तो साधारण एका मिनिटाचा फेरा झाला. या सगळ्याची `w` वर सरासरी घेतली की बरोबर १/१९ मिळतो. शब्दांच्या भांडणाचा निकाल याच वाक्यात आहे: एकूण शक्ती १९ पट घटली, पण मिनिटाहून बऱ्याच संथ लहरींची जवळपास तशीच राहिली.

म्हणून बाहेरच्याला ‘श्वेत’ म्हणता येत नाही. संथ वारंवारता उरतात आणि प्रकाशात संथ वारंवारतेचा रंग लाल, त्यामुळे अशा गोंगाटाला ‘लाल’ म्हणण्याची रीत आहे. ‘रंगीत गोंगाट’ हे सर्वसाधारण नाव चालेल. मला ‘तांबूस’ अधिक आवडते, कारण अगदी संथ टोकाला हा वर्णपट पुन्हा सपाट होतो, निव्वळ लाल राहत नाही.

हा तांबूसपणा विसरला की आकडे फसवतात. दहा मिनिटांच्या ६०० गाळलेल्या नोंदींची सरासरी काढली आणि तिची अनिश्चितता ०.०९२ भागिले ६०० चे वर्गमूळ, म्हणजे ०.००३७ अंश लिहिली, असे समजा. हे उत्तर चार पटींहून जास्त आशावादी आहे. शेजारच्या गाळलेल्या नोंदींत ०.९ इतका सहसंबंध असतो, म्हणून त्या ६०० नोंदी जेमतेम ३२ सुट्या नोंदींइतक्या भरतात. खरी अनिश्चितता सुमारे ०.०१६ अंश. गंमत म्हणजे न गाळलेल्या ६०० नोंदींची सरासरी घेतली तरी ०.४ भागिले ६०० चे वर्गमूळ, तेवढीच येते. वर्णपट हेच सांगत होता: सरासरी शून्य वारंवारतेजवळ राहते आणि तिथे गाळणीने काही काढलेलेच नाही. पडद्यावरची रेघ गुळगुळीत दिसावी, बंद-चालूचा स्विच उगाच कुरकुरू नये, यासाठी गाळणी लावा. दीर्घ सरासरी हवी असेल तर मूळ नोंदी जपून ठेवा.

पिकवण्याच्या खोलीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागेल. थंड करणारे यंत्र आठ मिनिटांच्या फेऱ्याने चालू-बंद होत असेल, तर तापमानाची ती लहर श्वेत गोंगाट नव्हे. तिची सुमारे ९८ टक्के शक्ती गाळणीतून तशीच पार होते. मोजलेले प्रचरण ०.००८४ पेक्षा बरेच मोठे आले तर पहिला संशय तिच्यावर घ्या. ओळखायचे असे: मूळ नोंदींतून सरासरी वजा करा आणि लगतच्या नोंदींचा सहसंबंध काढा. तो शून्याजवळ नसेल तर आत येणारेच श्वेत नाही. मग १/१९ चा हिशेब लागू होत नाही, कारण वर शून्य धरलेले गुणाकाराचे पद शून्य उरत नाही.

सुरुवातीच्या नोंदीही गोंधळ घालतात. `y` शून्यापासून सुरू केला तर १७ अंशांपर्यंत चढताना चूक ०.१ च्या आत यायला ४९ नोंदी लागतात, आणि तो चढ प्रचरणात मोजला गेला तर उत्तराची वाट लागते. पहिली नोंदच `y` म्हणून घेतली तर चढ जातो. मात्र तेव्हा प्रचरण ०.१६ पासून उतरायला लागते आणि स्थिर मूल्याच्या एक टक्क्यात यायला ३६ नोंदी घेते. पहिल्या १०० टाकून दिल्या की दोन्ही प्रश्न मिटतात.

```python
import numpy as np
r = np.random.default_rng(1)
a, b, s = 0.9, 0.1, 0.4
x = r.normal(0, s, 200000)
y = np.zeros(len(x))
for n in range(1, len(x)):
    y[n] = a*y[n-1] + b*x[n]
print(y[100:].var(), b*b*s*s/(1-a*a))
```

दोन्ही आकडे ०.००८४ च्या आसपास छापले जातील, पहिला साधारण एक टक्का इकडेतिकडे. `b` ची जागा १ ने भरून पुन्हा चालवा, म्हणजे वाढणारे प्रचरणही दिसेल. `a` मात्र १ करू नका. तेव्हा `1 - a^2` शून्य होतो, हौदातून काहीच बाहेर जात नाही आणि प्रचरण प्रत्येक नोंदीगणिक वाढतच राहते. अशा वेळी ‘बाहेरचे प्रचरण’ या शब्दप्रयोगाला अर्थच उरत नाही, कारण ते एका आकड्यावर थांबत नाही.

एक शेवटची नोंद तुमच्या ‘पुनरावर्ती’ या शब्दाबद्दल. तो तुम्ही योग्य वापरला आहे. काही ठिकाणी यालाच ‘आवर्ती गाळणी’ लिहिलेले दिसते, ते टाळा. ‘आवर्ती’ म्हटले की ०.३३३… सारखा आवर्ती दशांश आठवतो, ठरावीक काळाने तेच ते परत येणारे. या गाळणीत तसे काही परत येत नाही. स्वतःचेच मागचे उत्तर ती पुन्हा आत घेते, इतकेच. अहवालातले वाक्य असे करता येईल: ‘शून्य सरासरीचा श्वेत गोंगाट `a = 0.9`, `b = 0.1` असलेल्या पहिल्या क्रमाच्या पुनरावर्ती गाळणीतून गेल्यावर त्याचे प्रचरण १/१९ झाले आणि वर्णपट संथ वारंवारतांकडे झुकला.’