कॅलेंडरच्या इमोजीवर १७ जुलैच का?

प्रश्न: आमच्या लातूरच्या शेतकरी गटात बैठकीच्या निरोपापुढे 📅 होतं, त्यावर १७ जुलै दिसली अन् काहीजण त्याच दिवशी आले. ही तारीख बदलत कशी नाही?

उत्तर: इमोजी हे अक्षरासारखेच एक ठरलेले चिन्ह आहे, त्याचा फोनमधील कॅलेंडरशी किंवा घड्याळाशी काहीही संबंध नसतो. युनिकोड या अक्षरे आणि चिन्हांच्या जागतिक मानकाने केवळ ‘कॅलेंडर’ हे चिन्ह ठरवले असून चित्र प्रत्येक कंपनी आपापले काढते. अॅपलने १७ जुलै २००२ रोजी आपले आयकॅल हे कॅलेंडरचे अॅप जाहीर केले आणि तीच तारीख चित्रात घातली. पुढे इतर अनेक कंपन्यांनीही ती स्वीकारली. एरवी ही तारीख कोणी मनावर घेत नाही. परंतु ऐन जुलैत, निरोपात फक्त ‘📅 शनिवारी’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती खरी वाटणे अगदी स्वाभाविक आहे, त्यामुळे आलेल्यांना दोष देऊ नये.

घड्याळाचे इमोजी वेगळ्या रीतीने फसवतात. ते एकूण २४ आहेत: बारा पूर्ण तासांचे आणि बारा अर्ध्या तासांचे. बैठक पावणेपाचला असेल, तर तसे चित्रच मिळत नाही. पाठवणारा जवळचे म्हणून 🕟 निवडतो आणि वाचणारा साडेचार समजतो. शिवाय पहाटेचे साडेचार की दुपारचे, हेही त्यातून कळत नाही. गजराच्या घड्याळाचे काटे तर निरनिराळ्या फोनवर निरनिराळी वेळ दाखवू शकतात. म्हणून ‘शनिवार, १९ जुलै, दुपारी ४.४५’ असे अक्षरांत लिहावे; चित्र हवेच असेल, तर तारीख नसलेले 📌 वापरावे.