बाळ सांभाळणाऱ्या मावशींना कोणते नियम सांगावेत?

प्रश्न: माझं बाळ चार महिन्यांचं आहे. पुढच्या महिन्यापासून मी कामावर जाणार आहे आणि दिवसभर एक मावशी बाळाला सांभाळतील. बाळ पावडरचं दूध पितं. स्वच्छता, सुरक्षितता आणि दिवसाचा क्रम याबद्दल त्यांना नेमकं काय काय सांगावं?

उत्तर:

माझी मुलगी पाच महिन्यांची असताना मी कामावर परत गेले, तेव्हा मी दोन पाने भरून नियम लिहिले होते. त्यांतले निम्मे आठवडाभरातच मागे पडले आणि जे खरोखर महत्त्वाचे होते तेही त्या गर्दीत हरवले. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, नियम थोडे ठेवा, प्रत्येकामागचे कारण सांगा आणि तो नुसता न सांगता हाताने करून दाखवा.

तुमचे बाळ पावडरचे दूध पीत असल्यामुळे सर्वांत जास्त वेळ बाटलीसाठी द्या. दुधाची पावडर निर्जंतुक नसते आणि तयार केलेले दूध उबदार राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, या दोन गोष्टी मावशींना समजल्या की पुढचे सगळे त्यांना आपोआप पटते. आधी साबणाने निदान वीस सेकंद हात धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतून आणि नखांखालून. पाणी खळखळ उकळून घ्यायचे आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचे, कारण पावडर घालताना ते ७० अंश सेल्सिअसच्या खाली गेलेले नसावे. आधी पाणी मोजून बाटलीत ओतायचे, मग डब्यातलाच चमचा सपाट भरून डब्यावर दिलेल्या प्रमाणात पावडर घालायची. बाळ भुकेले वाटले म्हणून एक चमचा जास्त किंवा डबा पुरवायचा म्हणून एक चमचा कमी, असे कधीही करायचे नाही. त्यानंतर बंद बाटली वाहत्या पाण्याखाली धरून गार करायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहायचा. तयार दूध दोन तासांच्या आत संपले पाहिजे, आणि बाळाने तोंड लावून उरवलेले दूध ओतून द्यायचे.

आमच्याकडे नेमका हा शेवटचा नियमच मोडला. मावशी वहीत चार बाटल्यांची नोंद करीत, पण संध्याकाळी धुवायला तीनच निघत. दोन दिवस मी दुर्लक्ष केले, तिसऱ्या दिवशी शांतपणे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, बाळ अर्धी बाटली पितं, मग एवढं चांगलं दूध ओतून द्यायला जीव होत नाही. फ्रिजमध्ये ठेवते आणि दुपारी गरम करून देते." त्यांनी काही लपवले नव्हते, त्यांना ती काटकसर वाटत होती. बाळाच्या तोंडातली लाळ बाटलीत उतरते आणि तिच्याबरोबर जंतूही उतरतात, हे मी त्यांना आधी सांगितलेच नव्हते. केवळ "उरलेले टाका" एवढेच लिहिले होते. कारण सांगितल्यावर मी आणखी एक बदल केला. १२० मिलीलिटरऐवजी एका वेळी ६० मिलीलिटरच करायचे आणि बाळाने आणखी मागितले तर दुसऱ्या स्वच्छ बाटलीत पुन्हा ६० करायचे, असे ठरवले. टाकायचे दूध इतके कमी झाले की नियम पाळणे त्यांना जड जाईना. प्रत्येक बाटलीवर कागदी पट्टी लावून दूध केल्याची वेळ लिहायची सवयही तेव्हाच लागली.

बाटली धुताना बूच, रिंग आणि निपल वेगळे करायला आवर्जून दाखवा. मी एकदा निपल उलटे करून पाहिले तर रिंगमध्ये बसणाऱ्या कडेला फिकट पिवळसर, बोटाला बुळबुळीत लागणारी रेघ होती आणि तिला आंबूस वास येत होता. बाहेरून मात्र बाटली लख्ख दिसत होती. दूध संपताच बाटली विसळायची, मग गरम पाणी, साबण आणि फक्त बाटलीसाठी ठेवलेल्या ब्रशने प्रत्येक भाग घासायचा, आणि दिवसातून एकदा सगळे भाग पाण्यात पूर्ण बुडवून पाच ते दहा मिनिटे उकळायचे. नंतर ते कापडाने न पुसता स्वच्छ जाळीवर वाळू द्यायचे, कारण पुसायच्या फडक्यातून जंतू पुन्हा बाटलीत जातात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी दोनच गोष्टींवर अडून बसते. पहिली झोपेची: बाळाला प्रत्येक वेळी पाठीवर, त्याच्या स्वतःच्या सपाट आणि टणक गादीवर निजवायचे, उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी जवळ ठेवायची नाहीत आणि बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डोळा लागू द्यायचा नाही. दुपारी मावशीही थकतात हे आपण विसरतो. बाळ झोपल्यावर त्यांनीही त्याच खोलीत वेगळ्या जागी आडवे व्हावे, हे मी नियमातच लिहिले, कारण थकलेल्या माणसाला "डोळा लागू देऊ नका" असे सांगून काहीही साधत नाही. दुसरी गोष्ट आंघोळीची: थोड्याशा पाण्यातही बाळ क्षणात बुडू शकते, म्हणून दाराची घंटा वाजो किंवा फोन, बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळून बरोबर घेऊनच उठायचे. खरे तर घरात त्या एकट्याच असतील तर आंघोळ सकाळी तुम्ही स्वतः घालून जावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच कारणासाठी बाळ सांभाळणाऱ्या बाईवर स्वयंपाक आणि धुणीभांडी लादू नका.

बाळ रडायचे थांबत नसेल आणि आपला संयम सुटतो आहे असे वाटले, तर त्याला सुरक्षित गादीवर पाठीवर ठेवून शेजारच्या खोलीत जाऊन तुम्हाला फोन करायचा, हेही सांगून ठेवा. चिडून बाळाला गदागदा हलवल्यास त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

दिवसाचा क्रम घड्याळाला बांधू नका. झोप, दूध, खेळ असा क्रम ठरवा आणि वेळा वहीत उतरवून घ्या. किती दूध प्यायले, लंगोट किती वेळा ओला झाला, शी कशी होती, एवढे तीन रकाने पुरेत. लंगोट नेहमीपेक्षा बरेच कमी ओले होऊ लागले तर बाळाच्या पोटात पुरेसे दूध जात नाही, किंवा उलटी-जुलाबांमुळे अंगातले पाणी कमी होते आहे, हे संध्याकाळपर्यंत तुमच्या लक्षात येते. औषध मात्र तुम्हाला विचारल्याशिवाय एक थेंबही द्यायचे नाही.

मावशींना स्वतःला खोकला, ताप किंवा जुलाब असतील तर त्यांनी येऊ नये, आणि त्या दिवसाचा पगार कापू नये. पगार कापला जाणार असेल तर त्या आजार लपवून येतील. बाळ हातातून निसटले, कुठे आपटले, तर ते लगेच कळवणाऱ्या मावशींवर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तुम्हाला कळणारच नाही.

कामावर जाण्याआधी किमान तीन दिवस हातात ठेवा. पहिल्या दिवशी तुम्ही करा आणि त्यांनी पाहावे, दुसऱ्या दिवशी त्यांनी करावे आणि तुम्ही पाहावे, तिसऱ्या दिवशी दोन-तीन तास बाहेर जाऊन या आणि परतल्यावर वही आणि धुतलेले निपल दोन्ही पाहा. चार-पाच महिन्यांची बाळे केव्हाही पालथी पडू लागतात. ते दिसू लागताच बाळाला कपड्यात घट्ट गुंडाळून निजवणे बंद करायचे आणि पलंगावर त्याला क्षणभरही एकटे सोडायचे नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर आत्ताच लिहून ठेवा.